सोळानंतर तेवीस: कापरेकरांची मालिका आणि नियमाचे शब्द

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही एका फुलीपासून करणार आहोत. नेरूळला दर रविवारी पाचवी ते आठवीची काही मुलं आमच्याबरोबर गणित करायला बसतात. त्यांतली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन आली. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १, २, ४, ८, १६ आणि पुढे प्रश्नचिन्ह. पर्याय होते २४, ३०, ३२ आणि २३. तिने २३ निवडलं होतं. त्यावर लाल फुली, आणि बाजूला शेरा: अंक उलटे वाचू नयेत.

आता ३२ ऐवजी २३ निवडणारी दहातली नऊ मुलं खरोखरच अंक उलटे वाचत असतील. प्रश्न काढणाऱ्याने तो पर्याय त्याच हेतूने ठेवलेला असणार. पण या मुलीने काहीही उलटं वाचलं नव्हतं. तिला विचारलं, 'कसं केलंस?' ती म्हणाली, 'संख्येत तिचेच अंक मिळवत गेले.' करून बघा. १ मध्ये १, झाले २. २ मध्ये २, झाले ४. ४ मध्ये ४, झाले ८. ८ मध्ये ८, झाले १६. आता १६ चे अंक १ आणि ६, त्यांची बेरीज ७. १६ आणि ७, तेवीस. दिलेल्या पाचही संख्या तिच्या नियमात चोख बसतात, जशा त्या 'दुप्पट करा' या नियमातही बसतात. फरक पडतो तो नेमका प्रश्नचिन्हापाशी.

हा नियम तिने काही स्वतः शोधला नव्हता. तो आम्हीच आदल्या रविवारी सांगितला होता, म्हणजे त्या फुलीत आमचाही वाटा आहे. आणि आम्ही तो घेतला होता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडून. आजचा इतिहास त्यांचा आहे.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. संख्यांवरच्या आपल्या लेखांच्या छोट्या पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाला हे मास्तर माहीत झाले. बहुतेकांना ते ६१७४ या संख्येमुळे ठाऊक असतात. तो विषय आज बाजूला ठेवू, कारण त्यावर बरंच बोललं जातं. आपण त्यांच्या अंक-बेरजेच्या मालिकेकडे जाऊ.

ही मालिका पुढे नेली तर १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी जाते. आम्ही मुलांना तिचा मधला तुकडा देतो: २३, २८, ३८, ४९, ६२, प्रश्नचिन्ह, ७७, ९१. मुलं पहिल्यांदा शिकवल्याप्रमाणे लगतच्या संख्यांतले फरक काढतात. ५, १०, ११, १३. मग फरकांचे फरक काढतात: ५, १, २. हाती काही लागत नाही. इथे बरीच मुलं थांबतात, आणि काही मुलं लिहितात, 'प्रत्येक वेळी वेगळी संख्या मिळवली आहे.' वाक्य खोटं नाही. पण हे मालिकेचं वर्णन झालं, नियम नव्हे. आमची कसोटी सोपी आहे. तुमचं वाक्य आणि फक्त पहिली संख्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला द्या. तिने मालिका पाहिलेली नाही. तिला तीच मालिका लिहिता आली, तर तो नियम.

वाट कुठे सापडते? फरक फरकांशी ताडून बघायचे नाहीत, ते मूळ संख्येशेजारी ठेवायचे. २३ च्या शेजारी ५. २८ च्या शेजारी १०. ३८ च्या शेजारी ११. इथे कुणीतरी हमखास ओरडतं, 'दोन आणि तीन पाच!' मग ६२ च्या शेजारी ८, म्हणून रिकाम्या जागी ७०. आणि ताळा घ्यायचाच: ७० मध्ये ७, झाले ७७. पुढची संख्या जुळली.

उत्तर मिळालं, पण खरी कटकट आता सुरू होते, कारण नियम शब्दांत लिहायचा आहे. एका मुलाने लिहिलं, 'अंकांची बेरीज मिळवा.' शेजारच्या खोलीतल्या मुलीने २८ पाशी काय केलं? दोन आणि आठ दहा, दहाचे अंक एक आणि शून्य, म्हणजे एक. २८ आणि १, एकोणतीस! तिची चूक म्हणता येणार नाही. एक अंक उरेपर्यंत बेरीज करत जायची सवय आपल्याकडे अनेकांना असते, नऊने भाग जातो का हे पाहताना आपण तसंच करतो. वाक्यात 'एकदाच' हा शब्द नव्हता, एवढंच. दुरुस्त वाक्य असं झालं: 'संख्येतील अंकांची एकदाच बेरीज करा, ती बेरीज त्याच संख्येत मिळवा, म्हणजे पुढची संख्या मिळेल.' त्यातला कुठलाही शब्द काढून बघा, कुठेतरी घसरायला होतं.

आता कापरेकरांनी विचारलेला प्रश्न. रिकामी जागा पुढे न ठेवता मागे ठेवली तर? म्हणजे प्रश्नचिन्ह, आणि मग १०१. कोणत्या संख्येपासून १०१ येते? मागच्या संख्येला ते जनक म्हणत. आपल्या मालिकेत १०१ च्या आधी ९१ आहे. पण १०० घ्या. १०० चे अंक एक, शून्य, शून्य, बेरीज १. १०० आणि १, १०१! म्हणजे दोन जनक, दोन्ही बरोबर. अशी दोन जनकांची सर्वांत लहान संख्या हीच. नियम स्पष्ट आहे, कुठेही संदिग्ध नाही, आणि तरीही रिकाम्या जागी दोन उत्तरं. पुढे जाताना वाट एकच असते, मागे येताना ती एकच असेल याची हमी नाही.

आणि ९७? इथे जरा हिशेब करू. दोन अंकी संख्येत तिचे अंक मिळवले की दशकाचा अंक एकूण अकरा वेळा येतो आणि एककाचा अंक दोन वेळा. ९१ चं बघा: नवाची अकरापट ९९, एकाची दुप्पट २, मिळून १०१. आता ९७ हवेत. एककाची दुप्पट नेहमी सम, ९७ विषम, म्हणून दशकाचा अंक विषमच हवा. तो ९ घेतला तर ९९ होतात, आधीच जास्त. ७ घेतला तर ७७, उरले २०, म्हणजे एककाच्या जागी १० हवा, आणि १० हा अंक नाही. ५ घेतला तर एककाला २१ लागतात. एक अंकी संख्या घेतली तर फार तर १८ पर्यंत पोचतो. तीन अंकी संख्या मुळातच मोठी. थोडक्यात, ९७ ला जनक नाही. अशा संख्यांना मराठीत स्वयंभू म्हणतात. कोलंबियन संख्या असं त्यांचं आणखी एक नाव आहे, आणि देवळाली संख्या हेही नाव आहे!

शंभरच्या आत त्या तेरा: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नवापासून पुढे बघा. प्रत्येक वेळी अकरा. कुठल्याही मुलाला विचारा, तो म्हणेल पुढची १०८. आणि ती बरोबर आहे, १०८ स्वयंभूच आहे. मग दहा पदांनी पाठ थोपटल्यावर मुलगा लिहितो ११९. इथे घात होतो. १०९ चे अंक मिळून १०, आणि १०९ मध्ये १० मिळवले की ११९. जनक सापडला, ती स्वयंभू नाही. १०८ नंतरची स्वयंभू संख्या ११० आहे. अकराची साखळी का तुटली तेही आता कळतं: ती दोन अंकी जनकांच्या हिशेबातून आली होती, आणि इथे तीन अंकी जनक आले. 'अकरा मिळवा' हा दहा पदांत खरा ठरलेला नियम मालिकेचा नव्हताच, 'जिला जनक नाही ती संख्या' हा होता.

एक छोटं विषयांतर, कारण श्रोत्यांत ठाण्याला गाडी बदलून डोंबिवलीला जाणारे बरेच असतील. कापरेकरांनी संख्यांच्या एका गटाला डेम्लो हे नाव दिलं, ते तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या त्याच स्टेशनावरून, कारण ही कल्पना त्यांना तिथे सुचली. १, १२१, १२३२१, १२३४३२१ हे त्यांतले डौलदार सदस्य. मुलं नियम सांगतात, 'अंक चढवत न्या, मग उतरवत आणा.' दुसरा नियम असा की फक्त एक-एक अंक असलेल्या संख्येचा, म्हणजे १, ११, १११ यांचा, वर्ग करा. नऊ पदं दोन्ही नियम हातात हात घालून चालतात. दहाव्या पदाला पहिला नियम गप्प बसतो, कारण नवानंतर चढायला अंकच नाही. दुसरा मात्र उत्तर देतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला आठ बघा, हातचा आल्याने चढतीतून गायब झाला.

त्या मुलीकडे परत येतो. पर्यायी प्रश्नात गोल काळा करायचा असतो, तिथे 'का' लिहायला जागा नसते. लाखो उत्तरपत्रिका यंत्राने तपासायच्या म्हटल्यावर ही अडचण आम्हाला समजते, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आम्हीही सांगतो, बाबांनो, तिथे ३२ च लिहा. आमचं मागणं सराव परीक्षेपुरतं आहे. तिथे कागद माणूस तपासतो. तिथे प्रश्नाखाली एक ओळ कोरी ठेवावी, 'नियम शब्दांत लिहा' म्हणून, आणि फुली मारण्याआधी ती ओळ वाचावी. उलटं वाचणारं मूल आणि कापरेकरांचा नियम लावणारं मूल त्या ओळीवरच वेगळं ओळखू येतं. त्या शेऱ्यानंतर ही मुलगी दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, आणि तिने आमच्यासाठीच एक मालिका आणली होती.

ती इथे फळ्यावर लिहितो. ९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१, ९०, ९९, प्रश्नचिन्ह. आम्ही सरळ नवाचा पाढा म्हटला, १०८. ती म्हणाली, '१०८ ला जनक नाही ना, मग तिथे कसे पोचाल? ११७.'