आई आधी, बाप मागून

अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मिळकतीची पहिली वारस त्याची आई. एकटी आई. बाप जिवंत असला तरी त्याच्या वाट्याला काही येत नाही, मग भाऊ तर लांबच. उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्याच्या घाटात सातबारा नसतो, पहाणी असते. तिथे पौती खातं करताना सगळे भाऊ पुढे होतात आणि आईचं नाव राहून जातं. कायदा मात्र तिलाच पुढे बसवतो, आणि ती त्या जागी आजची बसलेली नाही.

चालुक्य विक्रमादित्य सहावा कल्याणला राज्य करत होता तेव्हा, म्हणजे १०७६ ते ११२६ च्या काळात, त्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. निपुत्रिकाचं धन आधी पत्नीला, मग मुलींना, मग आईबापांना, भावांना, पुतण्यांना, पुढे सगोत्र आणि बंधू यांना, आणि कुणीच नसेल तर शिष्याला व सहाध्याय्याला, असा स्मृतीचा क्रम. लग्नच न झालेल्याचं प्रकरण थेट आईबापांपासून सुरू होतं. पण स्मृतीत ते दोघे ‘पितरौ’ या एकाच शब्दात येतात, आधी कोण? विज्ञानेश्वर म्हणतो, आई. समास सोडवताना तिचं नाव आधी येतं हे व्याकरणाचं कारण. खरं वजन दुसऱ्या कारणाला आहे: बाप सवतीच्या मुलांचाही असतो, आई फक्त तिच्या मुलांची, म्हणून ती अधिक जवळची. पुढे नीलकंठाच्या व्यवहारमयूखाने बापाला आधी आणलं. गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकणात मयूखाचं चाललं. उत्तर कन्नडात मिताक्षराच वरचढ राहिली.

मात्र हा सगळा क्रम वेगळ्या निघालेल्या माणसाचा. एकत्र कुटुंबातला अविवाहित भाऊ गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांत आपोआप मिसळून जाई आणि आईच्या हाती काही लागत नसे. घाटातली बहुतेक घरं एकत्रच, त्यामुळे विज्ञानेश्वराचं औदार्य बरंचसं पोथीतच राहिलं असणार. असा आपोआप मिसळणारा हिस्सा पूर्णपणे बंद झाला तो ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला तेव्हा हा भाग, त्या वेळचा सुपे, मुंबई राज्यात होता. म्हैसूर राज्यात गेला तो त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. कायद्याने आई पहिल्या वर्गात घेतली. बाप दुसऱ्या वर्गाच्या पहिल्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर भाऊ आणि बहीण सारख्या हिश्शाने, आणि ही मोठीच गोष्ट, कारण मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही बहिणीला आजीच्या मागे उभं केलं होतं. भाचे-पुतणे चौथ्या पायरीवर, काका-आत्या सातव्या, मामा-मावशी नवव्या. वरच्या पायरीवर एक जरी माणूस जिवंत असेल, तर खालच्यांना काहीच मिळत नाही. दोन्ही वर्ग संपले की फक्त पुरुषांच्या दुव्यांनी जोडलेले दूरचे नातेवाईक, मग ज्यांच्या नात्याच्या साखळीत कुठेतरी बाई येते ते, आणि शेवटी सरकार.

भांडण लागतं ते इथे. समजा, एका अविवाहित माणसाची सहा एकर जमीन आहे. आईबाप गेलेले, एक बहीण लग्न होऊन घाटाखाली, एक भाऊ आधीच वारला आणि त्याचे दोन मुलगे तीच जमीन कसतात. माणूस गेला की सहाही एकर बहिणीचे. पुतण्यांना काही नाही, कारण मेलेल्या भावाच्या जागी त्याची मुलं उभी राहण्याची सोय या यादीत नाही. आता समजा, आई त्याच्यानंतर महिनाभर जगली. मग त्याच्या मृत्यूच्या क्षणी जमीन आईची झाली. ती गेल्यावर तिच्या वारसांत मेलेल्या मुलाची मुलं येतात: तीन एकर बहिणीला, तीन दोन्ही पुतण्यांत. सगळं प्रकरण मृत्यूच्या दोन दाखल्यांवरच्या तारखांवर फिरतं, आणि वंशवृक्ष लिहून घेताना आईच्या नावापुढची तारीखच नेमकी कुणी विचारत नाही. खात्यावर नाव चढलं म्हणजे मालकी ठरली असंही नाही. नोंद महसुलासाठी असते. वाद झाल्यास हक्क दिवाणी कोर्ट ठरवतं.

तालुक्यातल्या हिंदू सिद्दींना मात्र हे लागू नाही. उत्तर कन्नडातले सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत आणि केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा जमातींना लागत नाही. तिथे रूढी बघावी लागते.

वारलेली व्यक्ती अविवाहित बाई असेल तर यादी बदलते. तिची मिळकत आई आणि बाप दोघांना निम्मी निम्मी. ते नसतील तर बापाच्या वारसांना, जणू ती मिळकत बापाचीच होती आणि तो तिच्या मागोमाग वारला. त्यामुळे इथे मेलेल्या भावाची मुलं पहिल्याच वर्गात येतात आणि सावत्र आईसुद्धा हिस्सा मागू शकते. वरचेच सहा एकर त्या माणसाऐवजी त्याच्या एखाद्या अविवाहित बहिणीच्या नावावर असते, तर पुतण्यांचे तीन एकर आईच्या महिनाभराच्या आयुष्यावर अवलंबून राहिले नसते.