शिकाऊ परवान्याची चाचणी : सारखी दिसणारी वाहतूक चिन्हे कशी ओळखावीत

वाहन चालविण्याच्या शिकाऊ परवान्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीत वाहतूक चिन्हे ओळखण्याचे प्रश्न असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ नुसार ही चाचणी घेतली जाते. उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात. म्हणजे १५ प्रश्न असल्यास ९. प्रश्नांची भाषा राज्यागणिक बदलली, तरी चिन्हे देशभर एकच असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत ती दिलेली आहेत.

उमेदवारांची गफलत बहुधा सारख्या दिसणाऱ्या चिन्हांत होते. डावीकडे वळलेल्या बाणाचेच उदाहरण घेता येईल. हा बाण लाल कडेच्या त्रिकोणात असेल, तर पुढे रस्त्याला डावे वळण आहे, अशी ती केवळ पूर्वसूचना असते. निळ्या वर्तुळातील पांढरा बाण डावीकडे वळणे सक्तीचे असल्याचे सांगतो. पांढऱ्या पृष्ठभागावर लाल कडे आणि बाणावर लाल तिरपी रेघ असल्यास डावीकडे वळण्यास मनाई असते. म्हणजे बाण एकच असला, तरी अर्थ आकार, रंग आणि रेघ यांवरून ठरतो. म्हणून पर्याय वाचण्यापूर्वी याच क्रमाने चिन्ह पाहणे हिताचे असते.

प्रत्यक्ष रस्त्यावरील फलकाच्या छायाचित्रात हा क्रम अधिक उपयोगी पडतो. कोनातून टिपलेले वर्तुळ लंबगोल दिसते, उन्हाने विटलेला लाल रंग गुलाबी भासतो आणि प्रकाशाच्या चकाकीत एखादी रेघ लपते. ‘वाहन उभे करण्यास मनाई’ आणि ‘थांबण्यास मनाई’ या दोन चिन्हांत अशी चूक सहज घडते. दोन्हींत निळे वर्तुळ व लाल कडे असते. पहिल्यात एकच तिरपी लाल रेघ, तर दुसऱ्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा असतात. पहिल्या ठिकाणी प्रवासी उतरविण्यापुरते क्षणभर थांबता येते, दुसऱ्या ठिकाणी तेही करता येत नाही. छायाचित्र अस्पष्ट असल्यास वर्तुळाच्या मध्यभागी रेघांची फुली होते का, एवढे पाहावे.

रेल्वे क्रॉसिंगच्या दोन चिन्हांत आकार आणि रंग दोन्ही सारखेच असतात. तेथे आतील चित्रच निर्णायक ठरते. त्रिकोणात कुंपणासारखे फाटक असल्यास क्रॉसिंगवर पहारा आहे, तर इंजिनाचे चित्र असल्यास ते अरक्षित आहे, असे समजावे. नियम ११ मध्ये अरक्षित क्रॉसिंग ओलांडताना घ्यावयाच्या दक्षतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेथे गाडी येत नसल्याची खात्री चालकालाच करून घ्यावी लागते.