पैठणी निघाली नागपूरला

(साखरपुडा : रविवार, सकाळी १०, पुणे)

बुधवार, रात्री ९. उरले ८५ तास. मुलीच्या आईने येवल्याच्या एका विक्रेत्याकडून पैठणी मागवली. पैसे भरताना सर्वात वरचा पत्ता आपोआप निवडला गेला. तो होता नागपूरच्या जुन्या घराचा, धरमपेठेतला. आता तिथे भाडेकरू राहतात.

गुरुवार, संध्याकाळी ६. ६४ तास. पार्सल निघाल्याचा मेसेज आला, त्यात नागपूर दिसले. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "ताई, गाडी आत्ताच गेली." सकाळी अकराला पॅकिंग झाले होते. लेबल चिकटेपर्यंत पत्ता बदलणे दोन मिनिटांचे काम होते.

रात्री ८. ६२ तास. कुरिअरचा कस्टमर केअर. पत्ता बदलायची विनंती पाठवणाऱ्यानेच करायची, आणि तीही त्याच पिनकोडमधल्या पत्त्यासाठी. गल्ली, घरनंबर बदलेल, शहर नाही. कारण वाटेत पत्ता कोणी वाचतच नाही. पार्सल कुठल्या थैलीत पडणार, हे पिनवरून ठरते. ४४० म्हणजे नागपूर, ४११ म्हणजे पुणे. घराचा पत्ता वाचणारा पहिला माणूस म्हणजे शेवटचा डिलिव्हरी बॉय.

रात्री १०. ६० तास. घाबरून विक्रेत्याला सांगितले, "दादा, कॅन्सलच करा." त्याने केले. खरा घात इथे झाला, पत्ता चुकला तेव्हा नव्हे. निघालेले पार्सल 'कॅन्सल' केले म्हणून थांबत नाही. त्याच्यावर परत पाठवण्याची खूण तेवढी पडते.

शुक्रवार. सबंध दिवस काहीच हलले नाही. पार्सल सीलबंद थैलीत होते, आणि मधल्या केंद्रावर थैलीचाच बारकोड वाचतात, आतल्या पार्सलांचे नाही. कितीही फोन करा, एका पैठणीसाठी सील कोण फोडणार?

शनिवार, सकाळी ९. २५ तास. थैली नागपुरात उघडली. आता खरा मार्ग सुचला: तिथल्या भाच्याने ओळखपत्र घेऊन डिलिव्हरी सेंटरवरून पार्सल उचलायचे, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, रविवारी सकाळी ते पुण्यात. बेत उत्तम होता. गुरुवारी सुचला असता तर नागपूरचा पत्ता चुकीचा असूनही कामाचा ठरला असता.

साडेअकरा. साडेबावीस तास. काउंटरवरच्या मुलाने बारकोड स्कॅन केला. स्क्रीनवर RTO, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडे परत. "मावशींना फोन लावून देतो," भाचा म्हणाला. मुलाने मान हलवली. या खुणेनंतर पार्सलवर हक्क विक्रेत्याचा.

दुपारी १. २१ तास. विक्रेत्याने कॅन्सल मागे घ्यायचा प्रयत्न केला. त्याच्या पॅनेलवर ते बटणच उरले नव्हते, आणि परतीचे लेबल चिकटून झाले होते.

संध्याकाळी ६. १६ तास. ट्रॅव्हल्स वेळेवर सुटली.

रविवार, सकाळी १०. मुलगी मामीच्या पैठणीत पाटावर बसली. आईच्या पर्समध्ये मोबाईल वाजला: पार्सल नागपूरहून येवल्याकडे रवाना.