एमगिरी आणि मुलूखगिरी

ब्रेकफास्ट आणि लंच यांचा ‘ब्रंच’ झाला, एक्झामिनेशनचे शेपूट छाटून ‘एक्झाम’ आणि ‘एडिटर’वरून मागाहून ‘एडिट’. चौथी तऱ्हा, आद्याक्षरांची, वर्ध्यातच ऐकावी. मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे एम, जी, आय, आर, आय. लोक म्हणतात ‘एमगिरी’. एम सुटा राहिला, कारण त्याच्यापुढे स्वर नाही. पुढच्या चार अक्षरांत स्वर आहेत, म्हणून त्यांचा शब्द झाला. सेवाग्रामचे १९६९ चे वैद्यकीय महाविद्यालय मात्र ‘एमजीआयएमएस’च राहिले, तिथे शेवटी एम-एस जीभ अडवतात.

आता गंमत पाहा. इंग्रज कदाचित ‘जिरी’ वाचेल. आपल्या कानात मुलूखगिरी, दादागिरीतला फारसी ‘गिरी’ आधीच बसलेला. एमगिरीशी त्याचे नाते काहीच नाही. २००६ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवलेल्या ‘गांधीगिरी’त मात्र तोच खरा प्रत्यय आहे.