गावाचे लिंग

लिंग हा नामाचा असा धर्म आहे की ज्यामुळे त्या नामाशी अन्वित असलेल्या विकारी शब्दांचे रूप ठरते. प्राणिवाचक नामांत हा धर्म बहुधा नर-मादी भेदाला अनुसरतो. अप्राणिवाचक नामांत तसा आधार नसतो. भिंत स्त्रीलिंगी आणि दार नपुंसकलिंगी का, याचे उत्तर भिंतीत किंवा दारात नाही. ते मुख्यतः तीन ठिकाणी शोधावे लागते: शब्दाच्या वंशात, त्याच्या अंत्य स्वरात आणि समानार्थक शब्दांच्या सहवासात.

ही कारणे जेथे परस्परांशी जुळत नाहीत असे नाम म्हणजे ‘गाव’. संस्कृत ‘ग्राम’ पुल्लिंगी आहे, म्हणून वंशाने गाव पुल्लिंगी. घर, शेत, खेडे, शहर हे शब्द नपुंसकलिंगी आहेत, म्हणून सहवासाने ते नपुंसकलिंगी. अंत्य स्वर निर्णय देत नाही. देव, भिंत आणि घर हे तिन्ही अकारान्त असून तीन लिंगांचे आहेत. परिणामी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पेडगावाविषयी ‘पेडगाव जुना आहे’ आणि ‘पेडगाव जुने आहे’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध ठरतात.

आता अन्वय कोठवर पसरतो ते पाहू. आकारान्त विशेषण बदलते, ‘सुंदर’ बदलत नाही. ‘आहे’ आणि ‘वाढेल’ या क्रियापदांत लिंग दिसत नाही. ‘वाढला, वाढले’ यांत दिसते. सकर्मक भूतकाळात ते कर्मावरून येते: ‘तिने गाव पाहिला’ किंवा ‘पाहिले’. कर्माला ‘ला’ लागला की हा संबंध तुटतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिरावते.

येथेच द्विलिंगत्व टिकण्याचे कारण सापडते. अकारान्त पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांचे सामान्यरूप एकच असते: देवा-, घरा-, गावा-. विशेषणही ‘जुन्या’ होऊन लिंग गमावते. ‘जुन्या गावात’ एवढ्यावरून गावाचे लिंग सांगता येत नाही. स्थळनामे तर बहुतांशी विभक्तिप्रत्ययासह येतात. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार जन्मभर वापरणाऱ्यालाही पेडगावाचे लिंग ठरवण्याची वेळ येत नाही. जो भेद क्वचितच उघड होतो, तो मिटवण्याची निकडही भाषेला भासत नाही.

तो उघड होतो तेव्हा मात्र लेखनात संदिग्धता येते. ‘जुने गाव पाण्याखाली गेले’ या वाक्यात गाव नपुंसकलिंगी मानल्यास एक गाव बुडाले. पुल्लिंगी मानल्यास अनेक. बोलण्यात हा घोटाळा होत नाही, कारण एका गावासाठी ‘जुनं गाव गेलं’ असा अनुस्वारान्त उच्चार असतो. प्रमाण लेखनाने तो भेद पुसला आहे. ‘जुनी गावे गेली’ हे रूप निःसंदिग्ध आहे. म्हणून लेखकाने नपुंसकलिंग स्वीकारावे, आणि एकदा स्वीकारल्यावर त्याच लेखात ‘तो गाव’ लिहू नये.