तीन रेषांचं कूळ

आम्लात आम्लारी थेंबाथेंबाने सोडत जायचं आणि आम्ल नेमकं कधी संपलं ते ओळखायचं, हे काम फार काळ डोळ्यांनी केलं गेलं. जांभळ्या फुलांचा अर्क, लिटमस, पुढे फिनॉल्फ्थॅलीन. रंग पालटला की थांबायचं. पण द्रावणच गडद तपकिरी असेल तर? किंवा एकाच चंचुपात्रात हायड्रोक्लोरिक आणि अ‍ॅसेटिक अशी दोन आम्लं असतील आणि दोन्ही वेगवेगळी मोजायची असतील तर? फिनॉल्फ्थॅलीन दोघांची बेरीज सांगेल, वाटणी सांगणार नाही. ती वाटणी वाहकतेचा आलेख सांगतो. त्या आलेखावर तीन रेषा येतात आणि दोन ठिकाणी त्या मोडतात. या रेषांचं कूळ शोधत गेलं की त्या कशा वाचायच्या हेही आपोआप कळतं.

पहिली रेषा घसरणीची. तिचं मूळ १८०६ सालापर्यंत जातं. तेव्हा ग्रोटस नावाचा विशीतला तरुण विजेने पाण्याचं विघटन कसं होतं याचा विचार करत होता. त्याने कल्पना मांडली की पाण्याचे कण एकमेकांना साखळीने जोडल्यासारखे असतात आणि हायड्रोजन एका कणाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसं बादली पुढे देतात; कुणी धावत नाही, बादली मात्र झपाट्याने पोहोचते. त्याला पाण्याचं सूत्रही नीट माहीत नव्हतं आणि आयन ही कल्पना तर अजून जन्मायची होती, तरी हायड्रोजन आयनाच्या बाबतीत त्याची साखळी मुळात बरोबर निघाली. म्हणूनच २५ अंश सेल्सिअसला या आयनाची मोलर वाहकता साधारण ३५० एकक भरते आणि सोडियमची जेमतेम ५०. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की क्लोराइड जागेवरच राहतं. हायड्रोजन आयन मात्र पाणी होऊन नाहीसा होतो आणि त्याच्या जागी मंद सोडियम येतो. काटा खाली येतो तो या अदलाबदलीमुळे.

पण ही घसरण मोजायची कशी? साधी एकदिश वीज सोडली तर इलेक्ट्रोडवर वायू जमतो, ध्रुवीभवन होतं आणि आकडा डोळ्यांदेखत सरकत राहतो. यातून वाट काढली फ्रीडरिश कोलराउश यांनी. १८६९पासून त्यांनी दिशा बदलती वीज वापरायला सुरुवात केली, म्हणजे एका फेरीत जमलेलं दुसऱ्या फेरीत निघून जातं. प्लॅटिनमच्या पत्र्यांवर त्यांनी प्लॅटिनमचाच मखमली काळा थर चढवला, त्यामुळे पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढला. पुढे टेलिफोन निघाला तेव्हा त्याचा श्रवणभाग त्यांनी व्हीटस्टन सेतूला जोडला. सेतूवरचा सरकता संपर्क हलवत जायचं आणि कानातली गुणगुण जिथे सर्वांत मंद होईल तिथला आकडा टिपायचा. पुढच्या कित्येक वर्षांत या अनुमापनाचा प्रत्येक बिंदू असा कानाने ऐकून मिळवलेला असे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोलराउश यांची दुसरी देणगी त्याहून मोठी: विरल द्रावणात प्रत्येक आयन आपापल्या परीने वीज वाहतो आणि एकूण वाहकता ही त्यांची बेरीज असते. आलेखावर वक्राऐवजी सरळ रेषा मिळतात त्या या बेरजेमुळेच. मात्र आकारमानही फारसं बदलता कामा नये. म्हणून ब्युरेटमधलं द्रावण पात्रातल्या आम्लाच्या दहा-वीस पट तीव्र घेतात आणि जी काही थोडी वाढ उरते तिच्यासाठी प्रत्येक वाचनाला एकूण आकारमानाने गुणून मूळ आकारमानाने भागतात.

दुसरी रेषा सौम्य आम्लाची. १८८४च्या प्रबंधापासून अरेनियस यांनी, आणि १८८८च्या विरलन नियमाने ओस्टवाल्ड यांनी, सौम्य आम्लाचा मोठा भाग न फुटलेलाच असतो हे दाखवलं. न फुटलेला रेणू वीज वाहत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की अ‍ॅसेटिक आम्लाचं सोडियम अ‍ॅसिटेट होतं आणि ते पूर्ण फुटतं, म्हणून काटा हळूहळू वर चढतो. आम्ल संपल्यावर मोकळा हायड्रॉक्साइड उरतो. त्याची वाहकता १९८ एककं, हायड्रोजनच्या खालोखाल, म्हणून तिसरी रेषा एकदम उभी चढते. हे सगळं हाताशी होतं तेव्हा, १९०३ साली, क्यूस्टर आणि ग्र्यूटर्स यांनी उदासिनीकरणाचा बिंदू वाहकतेवरून ठरवण्याची पद्धत मांडली. १९२३ साली कोल्टहोफ यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

आता एक पात्र समोर घेऊ. १०० मिलिलिटर द्रावणात १ मिलिमोल हायड्रोक्लोरिक आणि १.५ मिलिमोल अ‍ॅसेटिक आम्ल आहे, ब्युरेटमध्ये ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला काटा दर सेंटिमीटरला सुमारे ४.१ मिलिसीमेन्स दाखवील, आणि ते जवळजवळ सगळं हायड्रोक्लोरिकचं. त्याच्या हायड्रोजन आयनांच्या दाबाखाली अ‍ॅसेटिक आम्ल फुटायलाच तयार नसतं. २ मिलिलिटरपाशी काटा १.४च्या आसपास येतो, ५ मिलिलिटरपाशी २.४च्या जवळ चढतो आणि ७ मिलिलिटरला पावणेपाचच्या आगेमागे पोहोचतो.

पहिला मोड वाचताना सगळ्यात जास्त चुका होतात. विद्यार्थी सर्वांत खालचं वाचन शोधतात आणि त्यालाच अंतबिंदू म्हणतात. पण या पात्रात सर्वांत कमी वाचन २ मिलिलिटरला येत नाही, ते सुमारे २.२ला येतं. हायड्रोक्लोरिक संपत आलं की दाब सुटतो, अ‍ॅसेटिक आम्ल थोडं फुटतं आणि त्याचे हायड्रोजन आयन तळाचा कोपरा गोलसर करून टाकतात. पुढच्या काही थेंबांनी अ‍ॅसिटेट वाढतं, फुटणं पुन्हा दबतं, आणि म्हणून काटा जरा पुढेपर्यंत उतरत राहतो. तळाचं वाचन धरलं तर हायड्रोक्लोरिक दहा टक्के जास्त निघेल आणि तेवढंच अ‍ॅसेटिकमधून कापलं जाईल.

उपाय असा की कोपऱ्यातले बिंदू आलेखावर मांडायचे, पण रेषा त्यांच्यामधून काढायची नाही. पहिली रेषा ० ते १.४ मिलिलिटरच्या बिंदूंवरून, दुसरी ३ ते ४.६च्या, तिसरी ५.४च्या पुढच्या. त्या वाढवल्या की पहिल्या दोन २.०ला आणि पुढच्या दोन ५.०ला छेदतात. पहिला छेद १.२च्या आसपास, म्हणजे खऱ्या वाचनाच्या खाली पडतो, आणि ते तसंच असायला हवं. ५.० उणे २.० म्हणजे ३.० मिलिलिटर, त्याला ०.५ने गुणलं की अ‍ॅसेटिकचे १.५ मिलिमोल.

याला मर्यादा आहेत. अ‍ॅसेटिकऐवजी क्लोरोअ‍ॅसेटिकसारखं अधिक फुटणारं आम्ल असेल तर पहिला कोपरा इतका पसरतो की दोन रेषा वेगळ्या काढायला सरळ भागच उरत नाही. पात्रात आधीच भरपूर मीठ असेल तर मोठ्या आकड्यातला लहान बदल हुडकावा लागतो. एका अंशाने तापमान वाढलं तर वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून अर्ध्यावर पंखा लावला की रेषा वाकते. हायड्रॉक्साइड उघडं राहून कार्बोनेट झालं असेल तर शेवटच्या मोडापाशी एक आखूड जास्तीचा तुकडा दिसतो. आणि इलेक्ट्रोडचा काळा थर कोरडा पडू देऊ नका. काम झालं की इलेक्ट्रोड शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा.