सभेच्या फोटोत मागचे चेहरे का वितळतात?

पुढे नेता अगदी स्पष्ट, पण मागच्या गर्दीत कुणाचं नाक गालात शिरलेलं, तर दोघांत मिळून कान एकच. स्टेबल डिफ्यूजनची सुरुवातीची मॉडेल ५१२ पिक्सेल रुंद फोटो आधी ६४ चौकटींत आवळून बनवत. म्हणजे एक चौकट ८ पिक्सेलची. पुढच्या २०० पिक्सेलच्या चेहऱ्याला आडव्या २५ चौकटी मिळतात. मागच्या २४ पिक्सेलच्या चेहऱ्याला अवघ्या ३. त्यात डोळे, नाक, तोंड बसणार कुठं?

आपली नजर पुढच्या चेहऱ्यावरच थांबते, तिथंच फसगत होते. झूम करून मागची रांग बघा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या खऱ्या फोटोतही चेहरे पुसट होतात, पण डोळे सहसा जागेवर राहतात. नव्या मॉडेलमध्ये ही चूक कमी दिसते. मागचे चेहरे नीट म्हणून फोटो खरा ठरत नाही.